अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचे बॅक टायट्रेशन: ब्लँक, उकळी आणि हिशोब

अ‍ॅस्पिरिन म्हणजे ॲसिटाइलसॅलिसिलिक आम्ल. मग गोळी पाण्यात टाकून ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलो तर काय बिघडते, असा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो. अडचणी दोन आहेत. अ‍ॅस्पिरिन गार पाण्यात फारसे विरघळत नाही, लिटरमागे जेमतेम तीन ग्रॅम. त्यात गोळीतला स्टार्च आणि सेल्युलोज द्रावण गढूळ करतात, त्यामुळे गाठींत अडकलेले कण हळूहळू आम्ल सोडत राहतात आणि रंग आला म्हणता म्हणता उडून जातो. दुसरी अडचण जास्त खोल आहे. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत कार्बॉक्सिलिक आम्लाचा गट आहे, तसाच एक एस्टरही आहे. अल्कली मिळाली की हा एस्टर हळूहळू फुटतो आणि स्वतःसाठी आणखी अल्कली मागतो. थेट टायट्रेशनमध्ये तो किती फुटला हे कळत नाही, म्हणून हिशोबात एका मोल अ‍ॅस्पिरिनमागे अल्कलीचा 1 मोल घ्यायचा की 2 हेच ठरत नाही.

बॅक टायट्रेशनमध्ये हा संशयच राहत नाही. मोजून घेतलेली, गरजेपेक्षा जास्त अल्कली घालायची, उकळून एस्टर पूर्ण फोडायचा, आणि उरलेली अल्कली आम्लाने मोजायची:

```
C9H8O4 + 2 NaOH → C7H5O3Na + CH3COONa + H2O
```

एका मोल अ‍ॅस्पिरिनला दोन मोल NaOH लागतात. एक कार्बॉक्सिलिक आम्लाला, दुसरा एस्टर फुटून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाला. तयार झालेल्या सॅलिसिलेटवर अजून एक फिनॉलचा OH असतो, तो तिसरा मोल का खात नाही? खूप अल्कली असताना त्यातला थोडा भाग खातोही. पण तो अतिशय दुबळा आम्ल आहे, त्याचा pKa 13 च्या वर आहे. आम्ल टाकत आपण pH 9 च्या खाली आलो की त्याने घेतलेली सगळी अल्कली परत दिलेली असते. म्हणून अंतिम बिंदूला हिशोब नेमका दोनच मोलचा उरतो.

आधी ब्लँक समजून घ्या

या पद्धतीत हव्या त्या आकड्याचे थेट मोजमाप कधीच होत नाही. तो दोन वाचनांच्या वजाबाकीतून येतो: ब्लँकला लागलेले आम्ल वजा नमुन्याला लागलेले आम्ल. ब्लँक म्हणजे तेवढीच अल्कली, तेवढेच पाणी, तितकाच वेळ उकळी, तसेच गार करणे, तेवढेच दर्शक, फक्त गोळीची पूड नाही.

ब्लँक वेळ वाचवण्यासाठी गाळला जातो. बाटलीवर 0.5 M लिहिलेले आहे, 25 मिली घेतले, म्हणजे 12.5 मिलिमोल, मग ब्लँक कशाला? कारण बाटलीतल्या NaOH ने हवेतला कार्बन डायऑक्साइड कधीपासून शोषलेला असतो आणि गरम, उघड्या फ्लास्कमध्ये तो आणखी वेगाने शोषतो. प्रत्येक CO2 रेणू दोन NaOH घेऊन सोडियम कार्बोनेट बनवतो. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जातो तेव्हा कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंतच पोहोचलेले असते, म्हणजे दोनांपैकी एकच अल्कली परत मोजली जाते. हरवलेली दुसरी अल्कली तुमच्या वहीत अ‍ॅस्पिरिनच्या नावावर जमा होते. ब्लँकमध्येही तेवढेच हरवलेले असेल तर वजाबाकीत ते कटते. त्यामुळे ब्लँक केला तर NaOH ची अचूक तीव्रता माहीत नसली तरी चालते. अचूक माहीत हवी ती फक्त HCl ची.

तयारी

आतड्यात विरघळणारे आवरण नसलेली, साधी, पांढरी गोळी घ्या. आवरणात वापरले जाणारे बरेचसे बहुलक स्वतःच आम्लधर्मी किंवा एस्टर असतात, ते अल्कली खातात आणि उत्तर फुगते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सायट्रिक आम्ल आणि बायकार्बोनेट असते, आम्लता कमी करणाऱ्या मिश्रणाच्या गोळ्यांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार असतात. या गोळ्यांना ही पद्धत लावता येत नाही. लेबलवर घटक नीट वाचा.

द्रावणे दोनच: साधारण 0.5 M NaOH आणि साधारण 0.5 M HCl. दोन्ही उकळून गार केलेल्या पाण्यात करा. HCl चे प्रमाणीकरण निर्जल सोडियम कार्बोनेटने करा. कार्बोनेट 250 ते 270 अंश सेल्सिअसला तासभर तापवून डेसिकेटरमध्ये गार करा, सुमारे 0.66 ग्रॅम अचूक तोला, पाण्यात विरघळवा आणि मिथिल ऑरेंजवर HCl ने टायट्रेट करा. कार्बोनेटचे रेणुभार 105.99 आणि एका मोलला दोन मोल HCl. ब्युरेटचे वाचन 25 मिलीच्या आसपास येईल. इथे मिथिल ऑरेंज योग्य आहे, पुढच्या टायट्रेशनमध्ये ते का चालणार नाही हे खाली येईलच.

गोळ्या एक-दोन नकोत, वीस घ्या. सगळ्या एकत्र तोला, वीसने भागा, हे एका गोळीचे सरासरी वजन. मग खलात सगळ्याच बारीक कुटा. एकच गोळी फ्लास्कमध्ये टाकली तर त्या गोळीचे वजन सरासरीपेक्षा वेगळे असेल आणि मिळालेला फरक तुमच्या हाताचा की गोळीचा, हे सांगता येणार नाही. पूड पिठासारखी व्हायला हवी. दाणे राहिले तर अल्कली त्यांच्या पोटापर्यंत पोहोचायला उशीर लागतो.

कृती

1. लेबलवर 300 मिलिग्रॅम लिहिले असेल तर सुमारे 0.5 ग्रॅम अ‍ॅस्पिरिन येईल एवढी पूड घ्या. गोळीचे सरासरी वजन 0.363 ग्रॅम असेल तर हे सुमारे 0.605 ग्रॅम होते. नेमके एवढेच येण्यासाठी धडपडू नका, त्याच्या जवळपास घेऊन चौथ्या दशांशापर्यंत वजन नोंदवा. कागदावरून पूड टाकल्यावर कागद पुन्हा तोलून वजा करा.

2. पूड 250 मिलीच्या कोरड्या शंक्वाकृती फ्लास्कमध्ये टाका. पिपेटने 25.00 मिली NaOH घाला, पिपेट फिलर वापराच. पिपेटचे टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून द्रावण आपोआप ओघळू द्या आणि शेवटी फुंकर मारू नका. फ्लास्क हलवून गाठी फोडा, पृष्ठभागावर तरंगणारी पूड आणि काठाला चिकटलेली पूड थोड्या पाण्याने खाली आणा.

3. दुसऱ्या फ्लास्कमध्ये फक्त 25.00 मिली NaOH आणि तेवढेच पाणी घ्या. हा ब्लँक. तिसरा आणि चौथा फ्लास्क नमुन्याच्या आणि ब्लँकच्या पुनरावृत्तीसाठी लगेच भरून ठेवा.

4. प्रत्येकात पोर्सेलिनचे दोन लहान तुकडे टाका. संगमरवराचे तुकडे इथे टाकू नयेत, ते कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि पुढे आम्ल खात बसेल. तोंडावर लहान फनेल ठेवा, जमले तर उभा कंडेन्सर लावा. हळू उकळी आल्यापासून दहा मिनिटे मोजा. गरम करायला सुरुवात केल्यापासून नव्हे. गॉगल घाला, गरम अल्कली डोळ्यात उडाली तर इजा गंभीर असते.

5. फनेलची आतली बाजू आणि काठ थोड्या पाण्याने फ्लास्कमध्येच धुऊन घ्या, तोंडाला झाकण लावा आणि नळाच्या पाण्यात गार करा. झाकण न लावता गार होऊ दिले तर कार्बन डायऑक्साइड नेमका याच वेळी शिरतो.

6. गार झाल्यावर उकळून गार केलेले 25 मिली पाणी आणि फिनॉल्फ्थॅलीनचे तीन थेंब टाका. गडद गुलाबी होईल. प्रमाणित HCl ने टायट्रेट करा. प्रत्येक फ्लास्कमध्ये थेंब तितकेच पडले पाहिजेत.

अंतिम बिंदूच्या जवळ हात सावकाश ठेवा. गुलाबी रंग फिका होत जातो आणि मग एका थेंबात जातो. रंग जाताना पाहणे डोळ्याला येताना पाहण्यापेक्षा कठीण असते, म्हणून फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा आणि शेजारी त्याच गढूळपणाचा, दर्शक न घातलेला एखादा फ्लास्क तुलनेला ठेवा. गोळीतला स्टार्च तळाशी पांढरट थर करतो, तो थर गुलाबी दिसतो का असा भास होतो. जोराने हलवून पाहिले की शंका जाते. रंग जाऊन अर्ध्या मिनिटात परतला नाही की वाचन घ्या.

फिनॉल रेड वापरले तर लाल ते पिवळा असा बदल दिसतो. तोही चालतो आणि अनेकांना तो सोपा वाटतो. मात्र ब्लँक आणि नमुना यांत दर्शक एकच हवे. मिथिल ऑरेंज मात्र अजिबात नको. अंतिम बिंदूला फ्लास्कमध्ये सोडियम ॲसिटेट आणि सोडियम सॅलिसिलेट असते, त्यामुळे pH साडेआठच्या आसपास असतो. मिथिल ऑरेंज 3.1 ते 4.4 मध्ये बदलतो, तिथपर्यंत पोहोचेपर्यंत ॲसिटेटचा बराचसा भाग पुन्हा ॲसिटिक आम्ल होतो आणि HCl वाया जाते. नमुन्याचे वाचन वाढते, फरक घटतो आणि गोळी अर्ध्या ताकदीची वाटू लागते.

एक उदाहरण पूर्ण

समजा वीस गोळ्या 7.264 ग्रॅम भरल्या, म्हणजे सरासरी 0.3632 ग्रॅम. लेबल 300 मिलिग्रॅम. पूड 0.6048 ग्रॅम घेतली. HCl ची तीव्रता 0.4985 M निघाली. ब्लँकला 24.85 मिली आणि नमुन्याला 13.90 मिली HCl लागले.

फरक 24.85 − 13.90 = 10.95 मिली. अ‍ॅस्पिरिनने खाल्लेली अल्कली 10.95 × 0.4985 = 5.459 मिलिमोल. दोनने भागून अ‍ॅस्पिरिन 2.729 मिलिमोल. रेणुभार 180.16 ने गुणून 491.7 मिलिग्रॅम, हे 0.6048 ग्रॅम पुडीत. एका गोळीत किती? 491.7 × 0.3632 ÷ 0.6048 = 295.3 मिलिग्रॅम. लेबलच्या 98.4 टक्के.

दुसऱ्या नमुन्याची पूड 0.6102 ग्रॅम आणि वाचन 13.80 मिली. फरक 11.05 मिली, आणि त्याच वाटेने गोळीत पुन्हा 295.3 मिलिग्रॅम. दोन उत्तरे पहिल्या दशांशापर्यंत जुळतात, म्हणजे हात स्थिर आहे. पण उत्तर बरोबर आहे का, हा प्रश्न वेगळा, कारण दोन्ही नमुन्यांत सारखीच चूक असू शकते.

आकड्यांकडे जरा बारकाईने पाहू. याच नोंदींत ब्लँक न घेता बाटलीवरचे 0.5 M खरे मानले असते तर घातलेली अल्कली 12.50 मिलिमोल धरली गेली असती. प्रत्यक्षात ब्लँक सांगतो 24.85 × 0.4985 = 12.39. हे 0.11 मिलिमोल अ‍ॅस्पिरिनच्या खात्यात जाऊन गोळी 301.4 मिलिग्रॅमची, म्हणजे 100.5 टक्के दिसली असती. आकडा अगदी देखणा, लेबलशी जुळणारा, आणि चुकीचा. लेबलशी जुळला म्हणून उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, ते याचसाठी.

कुठे चुकते आणि ते ओळखायचे कसे

ब्युरेटचे वाचन. दोन वाचनांच्या वजाबाकीमुळे 0.10 मिलीची चूक 10.95 पैकी 0.9 टक्के होते, गोळीमागे 2.7 मिलिग्रॅम. म्हणून फरक मोठा ठेवणे फायद्याचे. पूड निम्मी घेतली तर तीच चूक दुप्पट टक्क्यांची होईल. उलट पूड खूप घेतली तर अल्कली कमी उरते आणि शेवटी शेवटी एस्टर फोडायला पुरेशी ताकद राहत नाही. 25 मिलीपैकी निम्म्याच्या आसपास अल्कली उरेल असा बेत बरा.

अपुरी उकळी. न फुटलेले अ‍ॅस्पिरिन एकच मोल अल्कली खाते. पाच टक्के रेणू फुटले नाहीत तर उत्तर अडीच टक्क्यांनी कमी येते, म्हणजे फारसे खटकणार नाही एवढेच. शंका असेल तर एक जोडी वीस मिनिटे उकळा. उत्तर वाढले तर दहा मिनिटांत काम पुरे झाले नव्हते. वाढले नाही तर वेळ बरोबर होता. अंतिम बिंदूनंतर रंग सावकाश पुन्हा पुन्हा परतत असेल तर गाठींमध्ये अडकलेली अल्कली बाहेर येत असण्याची शक्यता जास्त. पूड नीट कुटलेली नव्हती एवढाच त्याचा अर्थ.

जास्त उकळी. द्रावण आटून फ्लास्क कोरडा व्हायला लागला तर थेंब उडतात आणि काठावर सुकलेली अल्कली मोजण्यातून सुटते. अल्कली हरवली की नमुन्याचे वाचन कमी, फरक मोठा, उत्तर वाढलेले. शिवाय गरम अल्कलीत सॅलिसिलेटला हवा लागली की द्रावण पिवळसर-तपकिरी होते आणि फिनॉल्फ्थॅलीनचा शेवट दिसेनासा होतो. म्हणून ज्योत मंद ठेवा.

चुका कोणत्या दिशेने जातात हे लक्षात ठेवण्याचा सोपा मार्ग असा: नमुन्यातून अल्कली हरवली किंवा दुसऱ्या कशाने खाल्ली तर उत्तर वाढते, नमुन्यात आम्ल जास्त खर्च झाले किंवा अ‍ॅस्पिरिन काठावर राहिले तर उत्तर कमी होते. मॅग्नेशियम स्टिअरेट आणि टाल्क यांचे फरक पाडेल एवढे प्रमाण साध्या गोळीत नसते.

जलविघटन झाले का हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर टायट्रेशन संपलेल्या गार फ्लास्कमध्ये आणखी 10 ते 12 मिली HCl घाला आणि काही मिनिटे बर्फात ठेवा. सॅलिसिलिक आम्ल पाण्यात कमी विरघळते, पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक तळाशी उतरतात. ते गाळून, धुऊन थोडे पाण्यात घ्या आणि फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाका. गडद जांभळा रंग येतो. न फुटलेल्या शुद्ध अ‍ॅस्पिरिनला हा रंग येत नाही, कारण त्याचा फिनॉलचा OH ॲसिटाइल गटाखाली झाकलेला असतो.

आणि हाच थेंब या पद्धतीची मोठी मर्यादा उघड करतो. दमट जागी ठेवलेल्या जुन्या बाटलीचे झाकण उघडताच व्हिनेगरचा वास येतो. अ‍ॅस्पिरिन आपोआप फुटून सॅलिसिलिक आणि ॲसिटिक आम्ल झालेले असते. बॅक टायट्रेशनला हे जवळपास दिसत नाही. फुटलेल्या एका रेणूमागे सॅलिसिलिक आम्ल एक मोल अल्कली खाते, ॲसिटिक आम्ल दुसरा. एकूण पुन्हा दोनच. दहा टक्के गोळी फुटलेली असेल आणि दोन्ही आम्ले पुडीतच राहिली असतील तर उत्तर शंभर टक्केच येईल. ॲसिटिक आम्ल सगळे उडून गेले असेल तरच पंचाण्णव टक्के दिसेल. मुख्य म्हणजे ही पद्धत अल्कली खाणारे गट मोजते, अ‍ॅस्पिरिनचे रेणू ओळखत नाही.

म्हणून पूड तोलण्याआधी दोन मिनिटांची चाचणी करून घ्या. चिमूटभर पूड थोड्या गार अल्कोहोलमध्ये हलवा, वरचे द्रावण निथळून घ्या, थोडे पाणी आणि फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाका. शेजारी ताज्या, घट्ट बंद बाटलीतल्या गोळीची तशीच नळी ठेवा. ताज्या गोळीतही अगदी फिकट जांभळी छटा असू शकते, म्हणून तुलना हवी. जुनी नळी स्पष्ट गडद झाली तर टायट्रेशनचा आकडा अ‍ॅस्पिरिनचा म्हणून नोंदवू नका. गार पद्धतीत, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन केलेल्या गार अल्कोहोलमध्ये विरघळवून चटकन थेट टायट्रेशन केले, तर पुडीतल्या मुक्त आम्लांसकट एकूण आम्लता मिळते. ताज्या गोळीत बॅक टायट्रेशनमध्ये खर्च झालेली अल्कली या गार आकड्याच्या नेमकी दुप्पट यायला हवी. जुन्या गोळीत फुटलेले रेणू गार पद्धतीतही दोन मोल खातात, त्यामुळे हे गुणोत्तर दोनपेक्षा खाली येते. दहा टक्के रेणू फुटलेले आणि दोन्ही आम्ले पुडीत शिल्लक असतील तर गार आकडा 1.1 आणि उकळलेला 2.0, गुणोत्तर 1.82.